नवे शिकले, जुने पुसले

पहिलीतल्या एखाद्या मुलाला आपण एक मिळवण्याच्या बेरजा शिकवतो. एक अधिक एक, दोन अधिक एक, तीन अधिक एक... त्या पक्क्या झाल्या की पुढच्या आठवड्यात दोन मिळवण्याच्या बेरजा घेतो. मूल मध्येच थोडे गोंधळेल, एखादी बेरीज चुकेलही. पण दोन मिळवायला शिकता शिकता एक मिळवणे पार विसरून गेले, असे कधी होत नाही.

१९८९ साली मायकेल मॅक्लॉस्की आणि नील कोहेन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हाच पाठ संगणकावरच्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींच्या जोडण्यांवरून सुचलेल्या एका गणिती जाळ्याला दिला. आधी एक असलेल्या सतरा बेरजा (१ + १ पासून १ + ९ पर्यंत आणि २ + १ पासून ९ + १ पर्यंत). त्या सगळ्या बिनचूक येऊ लागल्यावर तशाच दोनच्या सतरा बेरजा. जाळ्याने दोनच्या बेरजा शिकायला सुरुवात केली आणि पहिल्या काही फेऱ्यांतच एकच्या बेरजा कोसळल्या. गंमत अशी की १ + २ आणि २ + १ या बेरजा दोन्ही पाठांत होत्या, तरी सुरुवातीला त्यासुद्धा बिघडल्या. माणूसही विसरतो, पण हळूहळू आणि अर्धवट. हे विसरणे पाटीवरून बोळा फिरवल्यासारखे होते. संशोधकांनी त्याला जे नाव दिले त्याचे मराठी 'सर्वनाशी विस्मरण' असे करता येईल.

असे का होते, हे समजायला संगणक लागत नाही. कागद-पेन्सिल पुरते. आम्ही हे उदाहरण कागदावर सोडवून पाहिले आहे. तुम्हीही आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्या.

दोन बिलांचे यंत्र

अशी कल्पना करा की आपल्याकडे एक अगदी साधे यंत्र आहे. त्याच्या पोटात फक्त दोन आकडे आहेत, एक पेनचा भाव आणि दुसरा वहीचा. आपण त्याला सांगायचे, 'दोन पेन, एक वही', आणि त्याने बिल सांगायचे. खरे भाव त्याला ठाऊक नाहीत. चुकले की आपण खरे बिल सांगतो आणि ते आपले दोन आकडे दुरुस्त करते. जाळ्यातल्या अशा आकड्यांना 'भार' म्हणतात. मोठ्या जाळ्यात ते लाखो-कोटी असतात, आपल्या यंत्रात दोनच आहेत.

दुरुस्तीचा नियम असा. जितकी चूक, तिचे वाटे करायचे, आणि बिलात ज्या वस्तूचे जितके नग, तितके वाटे तिच्या भावात घालायचे. 'दोन पेन, एक वही' या बिलात पेनच्या भावात दोन वाटे जातील, वहीच्या भावात एक. पेन दोन असल्यामुळे बिलात त्याचे चार वाटे उमटतील आणि वहीचा एक, मिळून पाच. म्हणून एक वाटा म्हणजे चुकीचा पाचवा हिस्सा. असे केले की एका दुरुस्तीत ते बिल बरोबर येते. (खऱ्या जाळ्यात एका झटक्यात इतकी दुरुस्ती करत नाहीत, थोडी थोडी अनेकदा करतात. पण दिशा हीच असते.)

आता शिकवायला घेऊ. दुकानातले खरे भाव पेन ५ रुपये आणि वही १५ रुपये. यंत्रातले दोन्ही भाव सुरुवातीला शून्य.

पहिला पाठ: दोन पेन, एक वही, बिल २५ रुपये. यंत्र म्हणते शून्य. चूक २५, एक वाटा ५. पेन १०, वही ५. ताळा करू: २ × १० + ५ = २५. बरोबर. भाव खरे नाहीत, पण जे शिकवले ते यंत्र अचूक सांगते.

दुसरा पाठ: एक पेन, दोन वह्या, बिल ३५ रुपये. यंत्र म्हणते १० + २ × ५ = २०. चूक १५, एक वाटा ३. पेनमध्ये एक वाटा, वहीत दोन. पेन झाले १३ आणि वही ११. ताळा: १३ + २२ = ३५. हाही पाठ पक्का.

आता पहिले बिल पुन्हा विचारा. २ × १३ + ११ = ३७. हवे होते २५. एकाच दुरुस्तीत पहिला पाठ बारा रुपयांनी चुकला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण कारण इथेच दिसते. यंत्रात 'पहिला पाठ' असा वेगळा कप्पा नव्हता. दोन्ही पाठ त्याच दोन आकड्यांत राहतात. दुसऱ्या पाठाच्या वेळी यंत्रासमोर फक्त दुसऱ्या बिलाची चूक होती. पहिल्याचे काय होईल हे विचारणारे कोणी नव्हते. दोन्ही बिले एकाच वेळी बरोबर देणारे भाव अस्तित्वात आहेत, म्हणजे ५ आणि १५. जागा अपुरी होती असे नाही. यंत्र तिथे गेले नाही, एवढेच.

मग दोन्ही पाठांसाठी वेगळे आकडे ठेवले तर? समजा पहिला पाठ फक्त पेनचा आणि दुसरा फक्त वहीचा. तेव्हा एकाची दुरुस्ती दुसऱ्याला स्पर्शही करणार नाही आणि काहीच विसरले जाणार नाही. पण मग एका पाठातून दुसऱ्याला मदतही मिळणार नाही. न पाहिलेल्या बिलाचा अंदाज यंत्राला करता येतो तो आकडे सामाईक असतात म्हणूनच. ज्या गुणामुळे जाळे नव्या उदाहरणाला उत्तर देऊ शकते, त्याच गुणामुळे ते विसरते. म्हणून या दोषावर औषध शोधणे वाटते तितके सोपे नाही.

औषध पहिले: उजळणी

शिक्षकाला सुचेल तेच आधी करू. नवे शिकवताना जुने मधून मधून विचारू.

आपले यंत्र १३ आणि ११ वर आहे. पहिले बिल पुन्हा दाखवा. ते १२ ने जास्त येते, एक वाटा २.४०. पेन १३ वरून ८.२० आणि वही ११ वरून ८.६०. पहिले बिल २५ झाले, पण दुसरे आता ८.२० + १७.२० = २५.४० येते, ९.६० ने कमी. पुन्हा दुसरे शिकवा. एक वाटा १.९२. पेन १०.१२, वही १२.४४. दुसरे बरोबर, आणि पहिले ३२.६८. म्हणजे पहिल्याची चूक १२ वरून ७.६८ वर आली.

पुढच्या प्रत्येक फेरीत ही चूक आधीच्या ०.६४ पट होते: ४.९२, ३.१५, २.०१... दहा फेऱ्यांनंतर ती साधारण चौदा पैशांवर येते आणि यंत्रातले भाव पेन ५.०९, वही १४.९५ असे दिसतात. यंत्र आपोआप खऱ्या भावांकडे सरकते आहे. हा ०.६४ कुठून आला, हे मुलांना शोधू द्या. दोन्ही बिले एकमेकांसारखी जितकी जास्त, तितका हा आकडा एकच्या जवळ आणि समेट तितका मंद.

खऱ्या जाळ्यात सगळी जुनी उदाहरणे ठेवता येत नाहीत. ठेवता आली असती तर प्रश्नच नव्हता. म्हणून थोडी ठेवतात. समजा जागा शंभर उदाहरणांची आहे आणि ती एकेक करून येत आहेत, किती येणार ते ठाऊक नाही. पहिली शंभर ठेवायची. पुढचे हजारावे उदाहरण आले तर शंभर-हजारांश, म्हणजे दहातल्या एका शक्यतेने ते ठेवायचे, आणि ठेवलेच तर आधीच्या शंभरांतले कोणतेही एक चिठ्ठी टाकून काढायचे. अशाने कधीही थांबलो तरी आजवर आलेल्या प्रत्येक उदाहरणाला पेटीत असण्याची सारखीच संधी मिळालेली असते. मग नव्या उदाहरणांच्या प्रत्येक घासाबरोबर पेटीतली थोडी जुनी मिसळायची.

पेटीच नको असेल तर? रुग्णालयातल्या नोंदी, उदाहरणार्थ, अशा साठवून ठेवायला अनेकदा परवानगी नसते. १९९५ साली अँथनी रॉबिन्स यांनी एक युक्ती सुचवली. नवा पाठ सुरू करण्यापूर्वी जाळ्याला कसलेही स्वैर प्रश्न विचारायचे आणि ते जी उत्तरे देईल ती लिहून ठेवायची. उत्तरे बरोबर आहेत की नाहीत याला महत्त्व नाही. ती जाळ्याच्या आजच्या समजुतीचा ठसा असतात. मग या खोट्या प्रश्नोत्तरांचीच उजळणी नव्या पाठाबरोबर करायची. विशेष म्हणजे याचाही उपयोग होतो. पुढे यातूनच जुन्यासारखी उदाहरणे स्वतः तयार करणारे दुसरे जाळे जोडण्याच्या पद्धती निघाल्या.

मेंदूशी याचे काही नाते आहे का? १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅक्नॉटन यांना उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात असे दिसले की जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र उद्दीपित झाल्या होत्या, त्या नंतरच्या झोपेतही एकत्र उद्दीपित होण्याकडे झुकतात. पुढच्याच वर्षी मॅक्नॉटन यांनी जेम्स मॅक्लेलँड आणि रँडल ओरायली यांच्याबरोबर असे मांडले की मेंदूत दोन प्रकारचे शिकणे चालते. हिप्पोकॅम्पस घटना झटपट टिपतो आणि नंतर त्या पुन्हा पुन्हा दाखवून मेंदूच्या बाह्यकाला सावकाश, जुन्यात मिसळून शिकवतो. म्हणजे पेटी आणि जाळे. हे अनुमान आहे, पण त्याला आधार देणारे पुष्कळ प्रयोग नंतर झाले आहेत.

औषध दुसरे: महत्त्वाचे आकडे जपणे

दुसरा मार्ग जुनी उदाहरणे ठेवतच नाही. तो जुन्या पाठानंतर प्रत्येक भाराकडे पाहून विचारतो: हा आकडा हलला तर जुने किती बिघडेल? ज्याने फार बिघडेल त्याला घट्ट धरायचे, ज्याने बिघडणार नाही त्याला मोकळे सोडायचे. २०१७ साली जेम्स कर्कपॅट्रिक आणि लंडनच्या डीपमाइंड कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. प्रत्येक आकडा त्याच्या जुन्या जागेला एका स्प्रिंगने बांधलेला आहे आणि महत्त्वाच्या आकड्याची स्प्रिंग ताठ आहे, असे समजा. म्हणून त्यांनी तिच्या नावात 'इलॅस्टिक' हा शब्द घातला.

आपल्या यंत्रावर करून पाहू. पहिल्या पाठानंतर पेन १०, वही ५. पेनचा भाव एक रुपयाने हलला तर पहिले बिल दोन रुपयांनी चुकते, वहीचा हलला तर एक रुपयाने. महत्त्व या चुकीच्या वर्गाने मोजतात, म्हणून पेनची स्प्रिंग ४ आणि वहीची १. आता दुसरे बिल १५ रुपयांनी कमी आहे. ते भरताना पेनवर ओढ एकपट आहे आणि वहीवर दुप्पट (दोन वह्या आहेत). ओढीला ताठपणाने भागले की पेन पाव हलेल तेव्हा वही दोन हलेल, म्हणजे एकास आठ. पेन १ वाटा आणि वही ८ वाटे, बिलात १ + १६ = १७ वाटे. पंधरा भागिले सतरा, म्हणजे ०.८८. पेन १०.८८, वही १२.०६.

दुसरे बिल ३५, बरोबर. पहिले? २१.७६ + १२.०६ = ३३.८२.

साध्या शिकण्यात ते ३७ झाले होते. सुधारणा झाली, पण २५ अजून दूर आहे. हे पाहून आम्ही प्रथम आकडेमोड तपासली. ती बरोबर आहे. उणीव पद्धतीचीच आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पद्धत प्रत्येक आकड्याचे महत्त्व सुटे सुटे मोजते. पण पहिल्या बिलाला हे दोन आकडे मिळून बांधलेले आहेत. पेन एक रुपयाने उतरले आणि वही दोन रुपयांनी चढली, तर पहिले बिल जसेच्या तसे राहते. या वाटेने पेन पाच रुपये उतरवून वही दहा रुपये चढवली की आपण थेट ५ आणि १५ वर पोहोचतो. ही वाट मोकळी होती, पण सुट्या स्प्रिंगांना ती दिसत नाही. त्यांना फक्त 'पेन हलवू नका' एवढेच कळते. मग जोड्यांचे महत्त्व का मोजत नाहीत? आपल्याकडे जोडी एकच आहे. दहा लाख भारांच्या जाळ्यात जोड्या सुमारे पन्नास हजार कोटी होतात.

ही पद्धत चमकते ती जाळ्यात रिकामी जागा असते तेव्हा. समजा यंत्रात खोडरबराच्या भावासाठी तिसरा आकडा आहे आणि तो अजून शून्य आहे. नवे बिल आले: एक पेन, एक वही, एक खोडरबर, २२ रुपये. पहिल्या बिलात खोडरबर नव्हताच, म्हणून त्याची स्प्रिंग शून्य ताठ. सगळी दुरुस्ती तिथे जाते आणि खोडरबराचा भाव ७ होतो. १० + ५ + ७ = २२, आणि पहिले बिल २५ च. काहीही विसरले गेले नाही. मात्र खोडरबर खरा दोन रुपयांचा आहे. जपणूक जुन्या ज्ञानाची होते तशीच जुन्या गैरसमजाचीही होते.

डीपमाइंडच्या गटाने ही पद्धत हस्तलिखित अंकांवर तपासली. ही चित्रे २८ × २८, म्हणजे ७८४ ठिपक्यांची असतात. प्रत्येक नव्या पाठासाठी ठिपक्यांच्या जागा एका ठरावीक रीतीने ढवळल्या, की तेच अंक पण नवे कोडे. अशा पाठांच्या मालिकेत साधे जाळे मागचे विसरत गेले आणि स्प्रिंग लावलेल्याने बरेच टिकवले. त्यांनी दहा व्हिडिओ खेळही एकामागून एक शिकवले. त्यातही फायदा झाला, पण दहा खेळांना दहा वेगळी जाळी ठेवून जितके गुण मिळतात तितके मिळाले नाहीत.

एका परीक्षेत मात्र ही पद्धत जवळजवळ शून्य ठरते. अंक जोडीजोडीने शिकवा: आधी ० आणि १, मग २ आणि ३, असे ९ पर्यंत पाच पाठ. शेवटी कोणताही अंक दाखवून 'दहांपैकी कोणता?' असे विचारा, कोणत्या पाठातला ते सांगू नका. २०१९ साली खीदो फान द फेन आणि आंद्रेयास टोलियास यांनी अशी तुलना केली, तेव्हा स्प्रिंगवाले जाळे सुमारे २० टक्क्यांवर राहिले. साध्या, काहीच उपाय न केलेल्या जाळ्याचेही तेवढेच आले. वीस टक्के म्हणजे दहातले दोन. जाळ्याला शेवटचे ८ आणि ९ तेवढेच येत होते. उजळणीच्या पद्धतींचे निकाल याहून पुष्कळ वरचे आले. कारण उघड आहे. पहिल्या पाठात जाळे ० आणि १ मधला फरक शिकले, पण ० आणि ८ त्याने कधी शेजारी पाहिलेच नव्हते. जो फरक शिकलाच नाही तो जपणार कसा? पाठाचे नाव सांगून 'हा ० की १?' एवढेच विचारले, तर स्प्रिंगा छान गुण मिळवतात. म्हणून अशा संशोधनातले टक्के वाचताना परीक्षा कशी घेतली हे आधी पाहावे.

आणखी एक गोष्ट पाहावी. नवा पाठ झाल्यावर फक्त नव्याची चाचणी घेतली तर विस्मरण कधी कळतच नाही. प्रत्येक पाठानंतर मागच्या सर्व पाठांची परीक्षा घेऊन तक्ता भरावा लागतो, आणि एका पाठाचे गुण तो शिकला त्या दिवसापासून किती घसरले हे त्या स्तंभात खाली खाली वाचावे लागते. नुसती सरासरी फसवते. दोन पाठ शंभरवर आणि एक शून्यावर असला तरी सरासरी ६७ दिसते.

आता शेवटचे एक गणित, हे मुलांना जरूर द्या. दुकानात वहीचा भाव १५ वरून १८ झाला. पेन ५ च आहे. नवे बिल, एक पेन आणि दोन वह्या, ४१ रुपये. यंत्राच्या पेटीत मात्र जुने बिल तसेच आहे: दोन पेन, एक वही, २५ रुपये. उजळणी मन लावून चालू ठेवली, तर यंत्र कुठे थांबेल? पेन ३ आणि वही १९. ताळा करून पाहा, दोन्ही बिले बिनचूक येतात: ६ + १९ = २५ आणि ३ + ३८ = ४१. दोन्ही भाव मात्र चुकीचे. नुसते पाच पेन घ्यायला गेलेल्या मुलाला हे यंत्र पंधरा रुपये सांगेल आणि दुकानदार पंचवीस मागेल.